पुढे हो

मंगळवार, १४ जून
सकाळ, दुकान उघडायच्या आधी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात 'आम्ही इकडे खुशाल, तुमची खुशाली कळावी' अशी करायची असते. आम्ही खुशाल आहोत. तुझी खुशाली मला एका कागदावरून कळली आहे, त्यामुळे वाक्याचा दुसरा अर्धा भाग गाळतो. तेरा वर्षांनी लिहितोय, हात जरा अडखळतोय. माझं अक्षर तसंच आहे, डॉक्टरांच्या वरताण. तुला लागायचं, तसंच आताही लागेल असं धरून चालतो.

आधी घरच्या बातम्या. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण जिना चढायची हौस कमी होत नाही. तुझी पुतणी कॉलेजात शिकवायला लागली. विषय नीतिशास्त्र. त्यामुळे घरात मीठ जास्त पडलं तरी त्यात दोष कुणाचा आणि हेतू काय होता यावर चर्चा होते. औषधांचं दुकान जागच्या जागी आहे. काउंटरला आता काच बसवलीय आणि खाली हात जाईल एवढी खिडकी ठेवलीय. कुणीतरी चिठ्ठी आत सरकवतं, मी औषध बाहेर सरकवतो. दिवसभर मला माणसं दिसत नाहीत, हात दिसतात. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

आपल्या रस्त्यावर भिकारी फार वाढले होते. तुझ्या वेळी तो एक तंबोरावाला आणि देवळाचा रस्ता विचारत पैसे मागणारी ती बाई, एवढेच होते. नंतर बस थांबा आपल्या समोर आला आणि दिवसाला पंचवीस-तीस हात येऊ लागले. मी आधी सगळ्यांना देत होतो. मग म्हाताऱ्यांनाच. मग पायाने अधू असतील त्यांनाच. मग माझ्या लक्षात आलं की मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायाधीश होऊन बसतोय, आणि तेही पुरावा न बघता. शिवाय ज्याला द्यावं तो उद्या परत येतो आणि येताना भावाला घेऊन येतो.

औषधाच्या दुकानात भीक मागायच्या दोन खास तऱ्हा आहेत. एक दूधपावडरची. माणूस गिऱ्हाइकाला गाठतो, 'पैसे नकोत साहेब, लेकराला एक डबा घेऊन द्या' म्हणतो. पैसे नकोत म्हटल्यावर भलाभला विरघळतो. डबा माझ्याकडूनच घेतला जातो. तासाभराने तोच डबा, सील न फोडलेला, पुढच्या चौकातल्या दुकानात निम्म्या किमतीला परत जातो. त्या दुकानाला फायदा, मागणाऱ्याला रोख, देणाऱ्याला पुण्य. उपाशी राहतं ते लेकरू, असलंच तर. माझ्याकडेही विचारणा झाली होती. मी हाकलून दिलं.

दुसरी तऱ्हा चिठ्ठीची. चार घड्या घातलेली डॉक्टरची चिठ्ठी पुढे करायची, हात थरथरवायचा, 'थोडे कमी पडतात' म्हणायचं. मी एकदा घडी उलगडून तारीख वाचली, तर चिठ्ठी सहा वर्षांपूर्वीची आणि औषध गरोदरपणातलं. पुढे करणारा दाढीवाला.

शेवटी रस्त्यावरच्या दुकानदारांची बैठक घेतली. बेकरीवाल्याने जेवणाची कूपनं काढू म्हटलं. काढली. पंधरा दिवसांत ती कूपनं समोरच्या हमालांकडे निम्म्या दराने विकली जायला लागली. ज्याला भूक नाही, भाड्याला पैसे हवेत, तो कूपन घेऊन काय करणार? मला त्यात गैर काही वाटलं नाही, पण बेकरीवाला भडकला. मग मी नियम लिहिला. मागणाऱ्याच्या हातात थेट कुणी काही द्यायचं नाही. प्रत्येक दुकानात पेटी ठेवायची आणि महिनाअखेरीस ती पुलापलीकडच्या निवाऱ्याला द्यायची. निवाऱ्यातली माणसं येऊन बघतात, कागदपत्रं करून देतात, दवाखान्यात नेतात, कामाला लावतात. पेट्या भरल्या. खरंच भरल्या, बारक्या. निवाऱ्यात बारा खाटा वाढल्या. तंबोरावाला तिथे गेला आणि आता तिथलं फाटक सांभाळतो. नियम वाईट नव्हता. आजही मी तो वाईट म्हणणार नाही.

तुझी पुतणी मात्र जेवताना म्हणाली, "बाबा, दहांत नऊ खोटे असतील, तर नवांना धडा शिकवायला तुम्ही दहाव्याला उपाशी ठेवताय."

मी म्हटलं, "आणि दहांना दिलं तर अकरावा तयार होतो, त्याचं काय? त्याचं हातपाय हलवणं मी थांबवलं, ते पाप कुणाच्या खात्यावर?"

"अकरावा अजून जन्मायचाय. दहावा काचेबाहेर उभा आहे."

"दहाव्यासाठी निवारा आहे."

"त्याला हे कोण सांगतं? तुम्ही तर वर बघतसुद्धा नाही."

हे खरं होतं. नियम पाळण्याची माझी युक्ती तीच होती. चेहरा बघितला की खिशाकडे हात जातो, म्हणून चेहरा बघायचा नाही. रिकामा हात किंवा चार घड्यांचा कागद खिडकीत आला की मान खाली ठेवून म्हणायचं, 'पुढे हो.' 'माफ कर' म्हणत नाही, कारण मी काही गुन्हा केलेला नसतो. 'सुट्टे नाहीत' म्हणत नाही, कारण ते खोटं आहे. 'पुढे हो'मध्ये खोटं काही नाही.

सुट्ट्यांवरून आठवलं. आमच्या पायरीवर एक बाई बसते. वय साठीचं, आवाज कंडक्टरचा. सगळे तिला चिल्लरमावशी म्हणतात. नियम झाला तेव्हा तिला उठवायचं ठरलं होतं, पण जमलं नाही, कारण अर्धा रस्ता तिच्यावर चालतो. रोज संध्याकाळी ती दिवसभराची नाणी वीस-वीसच्या गुंडाळ्या करून दुकानांत देते आणि नोटा घेते. बँकेत सुट्टे मिळत नाहीत, मावशीकडे मिळतात. गुंडाळायला मी तिला औषधांच्या खोक्यांतली माहितीची पातळ पत्रकं देतो. तिला भीक द्यायची नाही हा माझा नियम, आणि तिच्या भिकेवर माझा गल्ला चालतो हा माझा व्यवहार. कुणी गिऱ्हाईक तिला 'सुट्टे नाहीत गं' म्हणालं की ती म्हणते, "खोटं नका बोलू, काल बेकरीवाल्याला मीच दिलेत, आत्ता तुम्हाला तिथनंच मिळाले असतील." तुझी पुतणी म्हणते हा सगळ्या रस्त्यावरचा एकमेव प्रामाणिक धंदा आहे.

मी एकदा तिला निवाऱ्यात जा म्हटलं. तिने विचारलं, "तिथे सकाळी किती वाजता उठवतात?" म्हटलं, सहाला. ती म्हणाली, "मग भीक नको पण कुत्रं आवर." असो.

तू म्हणशील दादा तेरा वर्षांनी पत्र लिहितो आणि त्यात भिकाऱ्यांच्या गोष्टी सांगतो. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं. लपवत नाही आता.

गेल्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, गर्दी होती. तापाची साथ आहे. खिडकीत एक हात आला. त्यात चार घड्यांचा कागद होता. हात कागद धरून क्षणभर स्थिर राहिला आणि मग थरथरायला लागला. मी मनात म्हटलं, नवा दिसतोय, पण हात छान हलवतो. आणि मान वर न करता म्हटलं, 'पुढे हो.'

हात तिथेच राहिला. मी दुसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्याने. मग तो मागे गेला.

मी त्या हाताबद्दल दिवसभरात एकदाही विचार केला नाही. तुला हे खरंखरं सांगतोय. 'दिवसभर चुकल्यासारखं वाटत होतं' असं लिहिणं सोपं होतं, पण तसं काही वाटलं नव्हतं. दुपारी डबा खाल्ला, साठ्याची यादी केली.

संध्याकाळी मावशी गुंडाळ्या घेऊन आली. पाच गुंडाळ्यांपैकी चार माझ्या पत्रकांच्या होत्या आणि एक जाड कागदाची. मी म्हटलं, "हा कागद कुठला?"

"तुमच्या भावाचा," ती म्हणाली. "आणि त्याला दिलेले वीस तुम्ही द्यायचे."

मी म्हटलं, "मावशी, मला भाऊ नाही इथे."

"सकाळी खिडकीशी नव्हता का आला? कान बघा की तुमचे. तेच कान, पंख्यासारखे. तुम्ही हाकललात तर येऊन माझ्या जागेवर बसला. मी म्हटलं, ऊठ, धंद्याची वेळ आहे. तो ऐकेना, नुसता बसून राहिला. जाणाऱ्या एका बाईने त्याच्या मांडीवर नाणं टाकलं, ते बघतच राहिला. म्हटलं हा असाच बसला तर माझी दुपार गेली. विसाची नोट काढली, बघितलं त्याच्याकडे, आणि म्हटलं, हे घे, बस पकड, आणि पुढे हो. तेव्हा उठला. कागद तिथेच राहिला."

तिचेही शब्द तेच होते, बारक्या. फरक एवढाच की तिने आधी बघितलं आणि पैसेही दिले.

मी गुंडाळी सोडली. नाणी काउंटरवर घरंगळली. कागद सरळ केला. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी, वर तुझं नाव, वय बावन्न, पत्ता. खाली कंपवाताच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास. तारीख चार महिन्यांपूर्वीची.

तीस वर्षं मी चिठ्ठ्या वाचतोय. पुढची बाजू डॉक्टर लिहितो आणि पाठीमागची दुकानदार. तुझ्या चिठ्ठीच्या पाठीवर त्या दवाखान्याजवळच्या दुकानाचे चार शिक्के आहेत. पहिल्या महिन्यात नव्वद गोळ्या दिल्या. दुसऱ्यात नव्वद. तिसऱ्यात पंचेचाळीस. चौथ्यात पंधरा. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. तू महिनाभर पंधरा गोळ्यांवर काढलास. अर्ध्या-अर्ध्या करून खाल्ल्या असशील. असं करू नये, हे मी रोज चार जणांना सांगतो. अचानक तोडल्या की अंग लाकडासारखं होतं, पाय जमिनीला चिकटतात, गिळायला त्रास होतो. तशा पायांनी तू बस थांब्यापासून दुकानापर्यंत आलास.

आपल्या अण्णांना हाच आजार होता. शेवटची चार वर्षं त्यांचा चहा अर्धा कपात आणि अर्धा बशीत असायचा. त्यांचा हात कसा हलायचा ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. हात पुढे केला की आधी स्थिर, क्षणभराने थरथर. नाटक करणाऱ्यांचा हात पुढे येतानाच हलत असतो, थांबायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणजे मला दिसलं होतं. त्या क्षणभराची नोंद माझ्या डोळ्यांनी घेतली होती, मी ती 'छान हलवतो' म्हणून खपवली. चेहरा न बघण्याबद्दल माझ्याकडे युक्तिवाद आहे. हात बघूनही न ओळखण्याबद्दल नाही. मला लाज वाटते.

तुझ्या पुतणीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, सांगितलं होतं ना. ती एवढंच म्हणाली, "काकांच्या जागी दुसरं कुणी असतं तर तुम्हाला इतकं लागलं असतं?" मी म्हटलं नसतं. ती म्हणाली, "मग तेही जरा लागू द्या." लागू देतोय. गेल्या वर्षभरात त्या खिडकीतून मागे गेलेल्या हातांत किती चिठ्ठ्या ताज्या तारखेच्या होत्या, हे मला आता कधीच कळणार नाही. नियम चिठ्ठी वाचू नको असं म्हणत नव्हता. ते मी माझ्या सोयीने जोडलं होतं.

आता तेरा वर्षांपूर्वीचं. तुझ्या छापखान्यासाठी तू तिसऱ्यांदा मागायला आला होतास. दोनदा मी दिले होते. तिसऱ्यांदा मी जेवत्या ताटावर, तुझ्या बायकोसमोर म्हणालो, "भिकेची हंडी शिंक्याला चढत नाही." तू हात धुतलास आणि म्हणालास, "दादा, पुन्हा तुझ्यापुढे हात पसरणार नाही." मला तेव्हा वाटलं, बरं झालं, आता हा स्वतःच्या पायावर उभा राहील. आणि ऐकलंय की राहिलास. दहा वर्षं छापखाना चालवलास, दोन माणसं कामाला ठेवलीस. म्हणून मी स्वतःशी अनेकदा म्हटलं की बघ, नाही म्हणणं हेच खरं देणं होतं. असेलही. पैसे न देण्याबद्दल मी आजही माफी मागत नाही. म्हण वापरल्याबद्दल मागतो. नकार द्यायला मला एक शब्द पुरला असता, मी तुला भिकारी करून टाकलं. आणि तू दिलेला शब्द मोडून, पसरणार नाही म्हटलेला हात पसरलास, तेव्हा मी बघितलंसुद्धा नाही.

नियमाचं काय केलं, हे तू विचारशील. तू पहिल्यापासून असाच, मुद्दा सोडून शेवटाकडे जाणारा. पेटी आहे. निवाऱ्याला पैसे जातात. हातात नोट ठेवणं मी अजून सुरू केलेलं नाही, कारण दूधपावडरचे डबे अजून चौकात परत जातातच. पण काच काढून टाकलीय. चिठ्ठी आली की उलगडून तारीख वाचतो. ताजी असेल तर निदान तीन दिवसांचं औषध देतो आणि निवाऱ्याचा पत्ता तोंडाने सांगतो. शिळी असेल तर तोंडाकडे बघून 'नाही' म्हणतो. चार दिवसांत दोन ताज्या निघाल्या, अकरा शिळ्या. हिशेब माझ्या बाजूने आहे, पण ते दोघे होते. शुक्रवारी एकाने मला सांगितलं, "द्यायचं नाही तर बघता कशाला, उगाच आशा लागते." त्याचंही खरं आहे. मला अजून सगळं सुटलेलं नाही.

आता कामाचं. सोबतच्या पुडक्यात नव्वद गोळ्या आहेत. चिठ्ठी अजून चालते, मी दवाखान्यात फोन करून डॉक्टरांशी बोललो. लगेच पूर्वीच्या मात्रेवर जाऊ नकोस, त्यांनी चढती मात्रा सांगितलीय, ती वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलीय. रिकाम्या पोटी घे. शनिवारी त्यांना दाखवायचं आहे, वेळ मी घेऊन ठेवलीय. चिठ्ठीच्या पाठीवर पाचवा शिक्का माझा आहे. ती जपून ठेव, नाण्यांच्या सुरकुत्या तेवढ्या राहिल्यात.

ही भीक नाही असं मी लिहिणार होतो. लिहून खोडलं. काय आहे ते तू ठरव. परत पाठवावंसं वाटलं तर परत पाठव, मी रागावणार नाही, पण शनिवारी दाखवून ये.

आणि एक राहिलं. मावशी रोज संध्याकाळी वीस मागते. मी दिलेले नाहीत. तिला सांगितलं की ज्याने घेतलेत तोच देईल, माझा भाऊ कुणाचं ठेवत नाही. ती म्हणाली, "बघू." माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुझ्यावरही अजून नाही. पायरीवरच असते ती, सकाळी दहापासून. तिचे वीस देऊन झाले की दोन पायऱ्या वर काउंटर आहे.

वर बघत बसलेला,
तुझा दादा